डेटाशीटवर ४९ अँपिअर, मग २ अँपिअरलाच मॉसफेट का तापतो? (IRFZ44N)

फावल्यावेळी

नमस्कार मंडळी. १२ व्होल्टची एलईडी पट्टी मायक्रोकंट्रोलरवरून मंद-प्रखर करायची आहे. पट्टी थेट पुरवठ्याला जोडली की ४ अँपिअर घेते, हे मोजून पाहिलं आहे. मध्ये IRFZ44N लावला आहे. सोर्स ग्राउंडला, ड्रेन पट्टीच्या ऋण टोकाला आणि गेट थेट ३.३ व्होल्टच्या पिनला.

पिन कायम चालू ठेवली तरी पट्टी पुरेशी उजळत नाही, प्रवाह २ अँपिअरच्या आसपास थांबतो. मॉसफेटला चिमुकला हीटसिंक आहे, पण त्यावर बोट टेकवत नाही. आणखी एक गंमत म्हणजे चालू केल्या केल्या पट्टी अगदीच मंद असते आणि पुढच्या काही मिनिटांत आपोआप हळूहळू उजळत जाते.

डेटाशीट उघडून बसलो आहे. पहिल्याच पानावर ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर. पुढे `VGS(th)` किमान २, कमाल ४ व्होल्ट. माझे ३.३ व्होल्ट त्या दोन्हींच्या मधले. मग हा मॉसफेट पूर्ण चालू व्हायला हवा ना? नेमक्या कुठल्या ओळी आणि कुठले आलेख बघायचे, कुणी समजावेल का?

---

धडपड्या

सोपं आहे. कमाल ४ व्होल्ट लिहिलंय म्हणजे ४ च्या वर दिलं की काम झालं. गेटला ५ व्होल्ट द्या. मी IRFZ44N कायम ५ व्होल्टवरच चालवतो, अशाच पट्ट्यांना, आणि हीटसिंकही लावत नाही.

---

जुनासोल्डर

धडपड्या, तुमची पट्टी चालत असणार यात शंका नाही, पण कारण ते नाही. `VGS(th)` ची ओळ आडवी शेवटपर्यंत वाचा. उजवीकडे "Conditions" चा रकाना आहे, त्यात लिहिलंय `VDS = VGS, ID = 250µA`. म्हणजे २५० मायक्रोअँपिअर, एका मिलिअँपिअरचा चौथा हिस्सा. नळ फिरवायला घेतला की पहिला थेंब जिथे सुटतो, ती ही खूण. तिथे धार सुरू झालेली नसते. एखाद्या नगात तो थेंब २ व्होल्टला सुटेल, एखाद्यात ४ ला. कारखान्याने एवढीच हमी दिली आहे.

फावल्यावेळी, तुम्हाला हवी ती ओळ त्याच तक्त्यात `VGS(th)` च्या वरच आहे: `RDS(on)`, कमाल १७.५ मिलिओहम. तिच्याही उजवीकडे बघा: `VGS = 10V, ID = 25A`. या मॉसफेटच्या चालू रोधाची हमी फक्त १० व्होल्टला दिलेली आहे. ५ ला नाही, ३.३ ला तर नाहीच. मी कुठलाही मॉसफेट घेताना सगळ्यात आधी हा एकच रकाना बघतो. पहिल्या पानावरचे अँपिअर त्यानंतर.

आता ताडून बघा. मॉसफेट खरोखर पूर्ण उघडला असता तर ४ अँपिअरला ड्रेन आणि सोर्समध्ये ४ × ०.०१७५ म्हणजे ०.०७ व्होल्ट पडले असते. पिन चालू ठेवून मल्टिमीटरची टोकं थेट त्या दोन पायांवर टेकवा आणि किती दिसतं ते इथे सांगा. बाकी तर्क त्यानंतर करू.

---

फावल्यावेळी

मोजलं. चालू केल्यावर साधारण २.५ व्होल्ट दिसले, मग उतरत उतरत १.९ ला स्थिरावले. त्या वेळी प्रवाह २ अँपिअर.

०.०७ कुठे आणि १.९ कुठे!

---

मोजपट्टी

म्हणजे १.९ × २ = ३.८ वॉट उष्णता त्या इवल्याशा डबीत. आता पहिल्या पानाकडे वळू, कारण ४९ अँपिअर आणि त्याच्याच खालचे ९४ वॉट या दोन आकड्यांवर बरेच जण फसतात.

दोन्हींपुढे `TC = 25°C` लिहिलंय. यातला C म्हणजे केस, मॉसफेटचं आवरण. खोलीचं तापमान नव्हे. आवरण काहीही करून २५ अंशांवर धरून ठेवलं तर ९४ वॉट. ते तसं कुणीच धरून ठेवू शकत नाही. आवरण १०० अंशांवर गेलं की प्रवाहाची मर्यादा ३५ अँपिअरवर येते, हे पुढच्याच ओळीत आहे.

तुमच्या कामाचा आकडा थोडा खाली, `RθJA` या नावाने आहे: एका वॉटला ६२ अंश. हीटसिंकशिवाय, नुसत्या हवेत, आत जाणारा प्रत्येक वॉट आतल्या सिलिकॉनचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ६२ अंशांनी वाढवतो. सिलिकॉनची कमाल मर्यादा १७५ अंश. हवा ३० अंश धरली तर १४५ अंशांची मोकळीक उरते. १४५ ला ६२ ने भागा, आले २.३ वॉट. पहिल्या पानावरच्या ९४ वॉटचे उघड्या हवेत २.३ वॉट होतात.

तुमचे ३.८ वॉट हीटसिंकशिवाय असते तर मॉसफेट केव्हाच गेला असता. छोटा हीटसिंक वॉटला २० अंशांचा धरू. आतल्या सिलिकॉनपासून आवरणापर्यंत १.५, आवरणापासून हीटसिंकपर्यंत ०.५. एकूण २२. ३.८ × २२ म्हणजे ८४ अंश, त्यात हवेचे ३०. आत ११४ अंश, हीटसिंकवर शंभरीच्या पुढे. बोट टेकवत नाही यात नवल नाही.

---

चक्रधर

माझा पण असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. मी १२ व्होल्टची मोटर लावली आहे, पट्टी नाही. चिन्हात ड्रेन-सोर्सच्या मध्ये डायोड काढलेला आहे, म्हणजे मोटर बंद करताना जो झटका येतो त्यासाठी आत डायोड दिलेलाच आहे. तरी दोन मॉसफेट गेले, दोन्ही ड्रेन-सोर्स शॉर्ट. मलाही गेटला जास्त व्होल्ट द्यायला हवेत का?

---

जुनासोल्डर

चक्रधर, तुमचा रोग वेगळा आहे. मोटरचा प्रवाह तोडला की ड्रेनवरचा व्होल्टेज १२ च्या वर उसळतो. आतल्या डायोडचं तोंड सोर्सकडून ड्रेनकडे आहे, म्हणून ड्रेन वर गेला की तो बंदच राहतो. तो त्या वाटेवर नाहीच. व्होल्टेज ५५ ओलांडून मॉसफेट स्वतः तुटायला लागेपर्यंत चढतो आणि मोटरमधली सगळी ऊर्जा मॉसफेटच्या पोटात जाते. डेटाशीटमध्ये ॲव्हलांश ऊर्जेची वेगळी मर्यादा आहे ती याचसाठी, पण रोज तिच्या जिवावर चालवू नका. मोटरच्या दोन टोकांवर बाहेरून एक डायोड लावा, डायोडवरचा पट्टा पुरवठ्याच्या धन बाजूला.

पिनांचं निघालंच आहे तर सांगतो. छापील अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. पाय मोजण्यात कुणी चुकत नाही, पत्रा मात्र विसरला जातो. दोन मॉसफेट एकाच हीटसिंकवर मध्ये अभ्रक न घालता बसवले की दोन्हींचे ड्रेन एक झाले. आणि गेटची ±२० व्होल्टची मर्यादा सोर्सच्या सापेक्ष आहे, ग्राउंडच्या नाही. फावल्यावेळींच्या जोडणीत सोर्स ग्राउंडलाच आहे म्हणून फरक पडत नाही. पट्टी सोर्सच्या खाली जोडली असती तर गेटला दिलेले व्होल्ट सोर्स वर सरकताच आपोआप कमी झाले असते.

---

चक्रधर

डायोड कुठला? 1N4007 पडून आहेत.

---

जुनासोल्डर

मोटर नुसती चालू-बंद करायची आणि प्रवाह १ अँपिअरच्या आत असेल तर चालेल. वेगासाठी पीडब्ल्यूएम करत असाल तर तो संथ पडतो, शॉट्की घ्या. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

---

फावल्यावेळी

`RDS(on)` आणि उष्णतेचा हिशोब कळला. पण पट्टी आपोआप उजळत जाते ते का? तापलं की रोध वाढतो असं "Normalized On-Resistance" च्या आलेखातही दिसतंय. तापमान चढत जातं तशी रेघ वर चढते, शेवटी दुपटीच्या आसपास. मग तापल्यावर प्रवाह कमी व्हायला हवा, इथे तर वाढतोय.

---

जुनासोल्डर

याचं उत्तर डेटाशीटमध्येच आहे, फक्त दुसऱ्या आलेखात.

तुम्ही बघताय त्या आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात `VGS = 10V` आहे. तो पूर्ण उघडलेल्या मॉसफेटचा आलेख, तुमच्या मॉसफेटला लागू नाही. पहिल्यांदा "Typical Output Characteristics" उघडा. आडव्या अक्षावर ड्रेन-सोर्स व्होल्टेज, उभ्यावर प्रवाह, आणि दोन्ही अक्ष दहापटींचे. म्हणजे एक चौकट वर गेलात की प्रवाह दहापट. हे लक्षात न ठेवता बघितलं की सगळ्या रेघा जवळजवळ दिसतात आणि फरक किरकोळ वाटतो.

प्रत्येक रेघ एका गेट व्होल्टेजची. डावीकडे रेघ तिरकी चढते, तिथे मॉसफेट साध्या रोधासारखा वागतो, आणि आपल्याला तिथेच राहायचं असतं. उजवीकडे रेघ आडवी होते. तिथे व्होल्टेज कितीही वाढवा, प्रवाह गेट ठरवतं. आता रेघांची नावं वाचा. सगळ्यात वर १५ व्होल्ट, सगळ्यात खाली ४.५. तुमची ३.३ ची रेघ छापलेलीच नाही. ती असती तर या सगळ्यांच्या खाली, लवकर आडवी झालेली. तुम्ही त्या आडव्या भागात आहात. प्रवाह पट्टी ठरवत नाही, अर्धवट उघडलेला मॉसफेट ठरवतोय.

आता पुढचा आलेख, "Typical Transfer Characteristics". आडव्या अक्षावर गेट व्होल्टेज, उभ्यावर प्रवाह, आणि दोनच रेघा, एक २५ अंशांची, एक १७५ ची. या दोन रेघा एकमेकींना छेदतात. छेदाच्या उजवीकडे, जास्त गेट व्होल्टेजला, तापलेला मॉसफेट कमी प्रवाह सोडतो. डावीकडे उलटं, १७५ ची रेघ वर आहे. तापलं की तो पहिला थेंबच कमी व्होल्टला सुटायला लागतो, म्हणून त्याच गेट व्होल्टेजला प्रवाह वाढतो. ३.३ व्होल्ट छेदाच्या बरेच डावीकडे. तुमची पट्टी उजळते ती याने.

मला हा आलेख फार महत्त्वाचा वाटतो. तापतो, म्हणून जास्त प्रवाह सोडतो, असा तो फेरा आहे. तुमच्याकडे पट्टी ४ अँपिअरच्या वर घेऊच शकत नाही, म्हणून निभावलं. मागे मोठा पुरवठा आणि कमी रोधाचा भार असता तर तो फेरा मॉसफेट घेऊनच थांबला असता.

---

मोजपट्टी

थोडी भर. एलईडी स्वतः तापल्या की त्यांचाही व्होल्टेज जरा उतरतो, त्यामुळेही पट्टीचा प्रवाह वाढू शकतो. सगळं श्रेय मॉसफेटला द्यायच्या आधी तपासून बघता येईल. पट्टीला हात न लावता फक्त हीटसिंकवर छोटा पंखा सोडा.

---

फावल्यावेळी

केलं. पंखा हीटसिंकवर धरला की पट्टी डोळ्यांदेखत मंदावते, ड्रेन-सोर्सचा व्होल्टेज वर चढतो. पंखा काढला की परत उजळते. पट्टी आणि मॉसफेट यांच्यात हातभर अंतर आहे, त्यामुळे वारा पट्टीपर्यंत जात नव्हता. आलेखातल्या दोन रेघा समोर हलताना दिसल्यासारखं वाटलं.

---

धडपड्या

हे भारी झालं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. त्या आधीच्या "Output" च्या आलेखात ५ व्होल्टची रेघ ४ अँपिअरच्या कितीतरी वर आहे. मग माझं चालतं ते योग्यच की!

---

जुनासोल्डर

आलेखाच्या मथळ्यातला पहिला शब्द बघा, "Typical". ती सरासरी नगाची रेघ आहे, तुमच्या हातातल्या नगाची नाही. तुमच्याकडचे नग २ ते ४ च्या खालच्या टोकाला असतील, म्हणून ५ व्होल्टला छान उघडतात. पहिला थेंब ४ ला सुटणारा नग हाती आला तर ५ व्होल्टला त्याच्याकडे जेमतेम एक व्होल्ट उरतो. आलेख वागणूक समजायला असतो. हमी फक्त तक्त्यातल्या किमान-कमाल रकान्यांत मिळते. घरच्या एका पट्टीसाठी मोजून घेतलेला नग वापरायला माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणाला सांगताना मात्र ती हमी म्हणून सांगू नका.

---

धडपड्या

मोजून घेतो आणि वापरतो, एवढं मान्य आहे ना? मग मी त्यावर ठाम आहे.

---

चष्मा

मध्येच बोलतो. माझ्याकडच्या डेटाशीटमध्ये ६० व्होल्ट, ५० अँपिअर आणि २८ मिलिओहम आहे. चुकीची आहे का?

---

मोजपट्टी

तुम्ही IRFZ44 ची उघडली आहे, शेवटच्या N शिवाय. तो वेगळा नग आहे. अंगावर छापलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

---

फावल्यावेळी

मग आता IRLZ44N घेऊ का? त्याच्या तक्त्यात `RDS(on)` च्या तीन ओळी आहेत. १० व्होल्टला २२ मिलिओहम, ५ ला २५ आणि ४ ला ३५. `VGS(th)` १ ते २. यावेळी उजवा रकाना आधी वाचला!

---

मोजपट्टी

अगदी बरोबर वाचलंत. ५ व्होल्टला ४ अँपिअर म्हणजे ४ × ४ × ०.०२५ = ०.४ वॉट. `RθJA` यालाही ६२ च आहे, म्हणजे हीटसिंकशिवाय २५ अंशांची वाढ. तापल्यावर रोध दीडपट झाला असं धरलं तरी काळजी नाही. एक लक्षात ठेवा, याच्या गेटची मर्यादा ±१६ आहे, ±२० नाही.

अडचण एवढीच की तुमची पिन ३.३ ची आणि हमीची शेवटची ओळ ४ ची.

---

धडपड्या

IRLZ44N च्या आलेखात ३ व्होल्टची रेघ छापलेली आहे. थेट ३.३ वर लावा, चालतो.

---

जुनासोल्डर

इथे मी धडपड्यांच्या थोडा जवळ येतो. पहिला थेंब जास्तीत जास्त २ व्होल्टला सुटणार, म्हणजे वाईटातल्या वाईट नगालाही ३.३ ला १.३ व्होल्टची मोकळीक आहे. बहुतेक नग ४ अँपिअर निभावतील. तरी रोध किती असेल हे कारखाना सांगत नाही, तुम्हालाच मोजावं लागेल. ड्रेन-सोर्समध्ये ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर ०.८ वॉटच्या आत आहात.

माझी पसंती मध्ये 74HCT125 हा बफर घालण्याला. त्याला ५ व्होल्ट पुरवा. आत येणारा २ व्होल्टच्या वरचा सिग्नल तो चालू समजतो, आणि बाहेर जवळजवळ पूर्ण ५ देतो. नावातलं T महत्त्वाचं. नुसता 74HC ५ व्होल्टवर साडेतीनच्या आसपास मागतो, तिथे ३.३ पुन्हा काठावर.

---

मोजपट्टी

मी बफर टाळून २.५ व्होल्टला हमी असलेला मॉसफेट शोधला असता. AO3400A बघा, २.५ व्होल्टला कमाल ४८ मिलिओहम, म्हणजे ३.३ ला निर्धास्त. पण इथे डबी लहान आहे. ४ × ४ × ०.०४८ म्हणजे ०.७७ वॉट, आणि त्या टिचभर एसओटी-२३ ला स्थिर स्थितीत वॉटला १२५ अंशांपर्यंत धरावे लागतात. ९६ अंशांची वाढ! रोधाची हमी मिळाली आणि उष्णतेत अडकलो. पट्टी दोन तुकड्यांत विभागून प्रत्येकाला एक मॉसफेट दिला तर प्रत्येकी २ अँपिअर, वॉट एक चतुर्थांश होतात, २४ अंश. तसं मात्र सुंदर चालेल.

---

फावल्यावेळी

IRLZ44N आणि 74HCT125 घेतो, कारण पट्टी कापायची नाही. शेवटचं एक. पीडब्ल्यूएम १ किलोहर्ट्झला ठेवू की २० ला? गेटचा चार्ज ४८ नॅनोकूलॉम लिहिलाय, तो याच्याशीच संबंधित आहे ना?

---

जुनासोल्डर

त्याच्याशीच. चार्जला गेट चालवणाऱ्या प्रवाहाने भागा. २० मिलिअँपिअर मिळतात असं धरलं तर ४८ नॅनोकूलॉम भरायला २.४ मायक्रोसेकंद. तेवढा वेळ मॉसफेट अर्धवट उघडा असतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या अवस्थेत. १ किलोहर्ट्झला एक फेरा १००० मायक्रोसेकंदांचा, त्यात हे कुठेच जाणवणार नाही. २० ला फेरा ५० चा, आणि भरणं-रिकामं करणं मिळून जवळजवळ ५ गेले. पट्टीला १ पुरे.

तक्त्यातले स्विचिंगचे नॅनोसेकंद बघून भुलू नका. त्यांच्या चाचणीचं सर्किट पुढच्या पानांवर काढलेलं असतं, तिथे गेटला दमदार पल्स जनरेटर जोडलेला आहे, मायक्रोकंट्रोलरची पिन नाही.

आणि गेट ते सोर्स १० किलोओहम लावा. मायक्रोकंट्रोलर सुरू होईपर्यंत त्याची पिन आणि तिच्यामागे बफरची इनपुटही तरंगती राहते, म्हणून बफरच्या इनपुटलाही ग्राउंडकडे असाच एक.

---

फावल्यावेळी

दोन्ही लावतो. जोडून झालं की ड्रेन-सोर्सचा आकडा इथेच टाकतो. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवा ना?

---

मोजपट्टी

४ × ०.०२५, बरोबर ०.१. टोकं पायांच्या मुळाशीच टेकवा. ब्रेडबोर्डवर मोजलंत तर त्याच्या संपर्कांचाच व्होल्टेज त्यात मिसळेल, आणि ४ अँपिअर ब्रेडबोर्डमधून नेऊही नका. ड्रेन आणि सोर्सच्या जाड तारा थेट पायांना डाग द्या.